आत्याची नजर: टिकल्या, आरसा आणि आंब्याची पेटी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

आत्या मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाली. शेवटचा वर्ग दुसरीचा होता. तेव्हापासून दर रविवारी ती अडीच-तीन मिनिटांची गोष्ट फोनवर रेकॉर्ड करते आणि त्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर पाठवते. आज एका वडिलांनी अगदी नम्रपणे लिहिलं, "बाई, मुलगा विचारतोय, तुम्ही पुस्तकात बघून वाचता का?"

आत्याला ते लागलं. "अरे, पस्तीस वर्षांत मी एकदाही पुस्तक बघून गोष्ट सांगितली नाही!" हे खरंच आहे. मी तिच्याच वर्गात होतो.

मागचे चार व्हिडिओ पाहिले. मुलाचं काही चुकलेलं नाही. आत्याची नजर सतत खाली आहे आणि पापण्या अर्ध्या मिटल्यासारख्या दिसतात. ती पुस्तकात बघत नाहीये, ती स्क्रीनवरच्या स्वतःकडे बघतेय. समोरचा कॅमेरा फोनच्या वरच्या टोकाला आहे आणि तिचा चेहरा स्क्रीनच्या मधोमध.

फूटपट्टी घेऊन मोजलं. तिच्या डोळ्यांपासून फोन ४५ सेंटिमीटरवर. लेन्सपासून स्क्रीनवरच्या तिच्या डोळ्यांपर्यंत साडेसहा सेंटिमीटर. हा कोन साधारण ८ अंशांचा होतो. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून वेगळा हिशेब केला: माणूस दीड मीटरवर समोर बसला असेल, तर ८ अंश खाली म्हणजे त्याच्या डोळ्यांच्या २१ सेंटिमीटर खाली. तुम्ही त्याच्याशी बोलताय आणि बघताय त्याच्या शर्टाच्या पहिल्या बटणाकडे.

त्यात चष्म्याची भर. आत्याचा चष्मा बायफोकल आहे. हातभर अंतरावरचा फोन नीट दिसावा म्हणून ती हनुवटी वर करते आणि खालच्या काचेतून बघते. म्हणजे चेहरा वर आणि बुबुळं खाली. आपल्याकडे असं कोण बघतं? रागावलेला हेडमास्तर किंवा बँकेतला कॅशियर.

६ ऑक्टोबर, सोमवार

पहिला उपाय जो सगळेच सांगतात, तो केला: फोन उंच ठेव. स्टीलचे दोन डबे आणि त्यावर फोन, लेन्स बरोबर डोळ्यांच्या रेषेत. नाकपुड्या आणि छत दिसायचं बंद झालं, चित्र सुधारलं. नजर मात्र तशीच खाली.

थोडा विचार केल्यावर कळलं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मी त्यांची गल्लत करत होतो. कॅमेऱ्याची उंची ठरवते चेहरा कुठल्या बाजूने दिसेल. नजर जुळेल की नाही, हे ठरतं ती लेन्सपासून किती लांब बघते आणि लेन्स तिच्यापासून किती लांब आहे, यावर. फोन डब्यावर चढवला तर लेन्ससोबत स्क्रीनही तेवढीच वर चढते. साडेसहा सेंटिमीटर तिथेच राहतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज चाचणी. आत्याकडच्या टिकल्यांचं पाकीट कामाला आलं.

पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून त्यातून फोनची मागची लेन्स बाहेर काढली. भोकाच्या खाली ३, ६, ९ आणि १२ सेंटिमीटरवर एकेक लाल टिकली. उजवीकडे ३ आणि ६ वर, वरच्या बाजूलाही ३ आणि ६ वर. आत्याला बरोबर १०० सेंटिमीटरवर बसवलं. प्रत्येक टिकलीकडे आणि लेन्सकडे पाच-पाच सेकंद बघायचं आणि तेवढ्या वेळात नेहमीसारखं "नमस्कार मुलांनो" म्हणायचं. गप्प बसून बघितलं तर चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा होतो, म्हणून बोलणं गरजेचं.

नऊ तुकडे झाले. क्रम उलटसुलट करून ते आई, बायको आणि शेजारच्या सहावीतल्या मुलीला दाखवले. प्रश्न एकच: बाई तुझ्याकडे बघतायत का?

१२ ऑक्टोबर, रविवार

निकाल माझ्या अंदाजापेक्षा स्पष्ट निघाला. खाली ३ आणि खाली ६ या दोन्ही टिकल्यांना तिघींनी "हो" म्हटलं. खाली ९ ला एकीचं हो, एकीचं नाही आणि बायकोचं "परत दाखव". खाली १२ ला तिघींचं नाही. पण उजवीकडे फक्त ३ सेंटिमीटर बघितलेलं शेजारच्या मुलीने लगेच पकडलं: "बाईंच्या बाजूला कुणी बसलंय का?" उजवीकडे ६ आणि वर ६ तर कुणालाच फसवू शकले नाहीत.

तीन माणसांवरून सिद्धांत मांडत नाही. पण हे नवीनही नाही. स्टॅनफर्डमध्ये मिल्टन चेन यांनी २००२ साली व्हिडिओ कॉलमधल्या नजरेवर अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्याचा गाभा हाच आहे: समोरच्याची नजर डावीकडे, उजवीकडे किंवा वर थोडी जरी सरकली तरी आपल्याला कळते, पण खाली सरकली तर साधारण ५ अंशांपर्यंत आपण ती आपल्याकडेच आहे असं धरून चालतो. माझ्या टिकल्यांचे कोन काढले तर खाली ६ म्हणजे साडेतीन अंशांच्या जवळ आणि खाली ९ म्हणजे बरोबर पाचाच्या उंबरठ्यावर. बायकोचं "परत दाखव" तिथेच आलं.

कारणही तुकडे थांबवून बघितल्यावर दिसतं. डोळा थोडा खाली वळला की वरची पापणीही त्याच्यासोबत उतरते, त्यामुळे बुबुळाच्या भोवतीचं पांढरं फारसं बदलत नाही. डोळा बाजूला वळला की एका बाजूचं पांढरं वाढतं आणि दुसऱ्या बाजूचं आटतं. हा फरक दोन-तीन अंशांतच डोळ्यांत भरतो.

कामापुरता नियम काढला: डोळ्यांपासून लेन्सचं अंतर भागिले बारा. जिथे बघायचं ते लेन्सच्या खाली, बरोबर सरळ रेषेत आणि तेवढ्या अंतराच्या आत असलं की पुरे. १०० सेंटिमीटरला आठ मिळतात, ४५ ला जेमतेम पावणेचार. आत्याचा साडेसहाचा फरक ४५ वर चालणार नव्हताच, पण १०० वर आरामात बसतो.

म्हणजे लेन्सकडे बघण्याची सक्ती करायची गरज नाही. फोन फक्त मागे सरकवायचा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फोन ट्रायपॉडवर, उभाच, १०० सेंटिमीटरवर. एकाच वेळी तीन गोष्टी झाल्या. नजर जुळली. आत्या चष्म्याच्या वरच्या काचेतून सरळ बघायला लागली, कारण एवढ्या लांबचं तिला खालच्या काचेतून तसंही दिसत नाही. स्वतःचा चेहरा तिला जरा पुसट दिसतो, पण आपण चौकटीत आहोत की नाही एवढं कळतं आणि तेवढंच हवं असतं. आणि जवळच्या लेन्समुळे नाक जे मोठं दिसायचं, तेही जागेवर आलं. या तिसऱ्या गोष्टीवर आत्या सगळ्यात खूश.

बिघडला तो आवाज. एक मीटरवरून फोनचा माइक पंखा, मिक्सर आणि खालच्या रस्त्यावरची रिक्षा हे सगळं आत्याइतक्याच आदराने ऐकतो. कॉलरला लावायचा वायरवाला माइक आणला आणि पदराच्या पिनेजवळ अडकवला. हा विषय इथेच संपला.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या गोष्टीचा व्हिडिओ गेला. दहा मिनिटांत ग्रुपवरच्या एका आईचा प्रश्न आला: "बाई, आज उजव्या खांद्यावर पदर?"

नजरेबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणजे ते जमलं. पण पदर! आत्या सहावारीचा पदर डाव्या खांद्यावरच घेते, दुसरीकडे घेतलेला मी कधी पाहिला नाही. व्हिडिओत तो उजवीकडे गेला होता आणि मागच्या कॅलेंडरवरचा ऑक्टोबर उलटा. मी तीनदा बघूनही कॅलेंडर माझ्या लक्षात आलं नव्हतं. बायकांच्या नजरेतून पदर सुटत नाही.

झालं असं. आत्तापर्यंत आत्या फोनच्या कॅमेरा ॲपमधून रेकॉर्ड करायची. आज घाईत मेसेज पाठवायच्या ॲपमधला कॅमेरा उघडला. दोन्हींत रेकॉर्ड करताना स्क्रीनवर आरशासारखंच दिसतं. पण कॅमेरा ॲप फाइल साठवताना चित्र सुलटं करतं, तर या दुसऱ्या ॲपने आरशातलं चित्र जसंच्या तसं साठवलं. रेकॉर्ड करणाऱ्याला फरक कळायचा काही मार्गच नाही, कारण त्याला दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

फाइल सुलटी करायला संगणकावर ffmpeg या व्हिडिओच्या प्रोग्रॅमची एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i ulta.mp4 -vf hflip -c:a copy sulta.mp4
```

आवाजाला हात लागत नाही, फक्त चित्र डावं-उजवं पलटतं. सुलटा व्हिडिओ पुन्हा पाठवला.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नान पहाटे झालं, म्हणजे सकाळ मोकळी.

मी आत्याला म्हटलं, आरसा बंदच करू या, स्क्रीनवरही सुलटंच दिसू दे, म्हणजे गोंधळ नको. हे माझं चुकलं, आणि चुकलं ते दोन कारणांनी.

पहिलं कारण हालचालीचं. स्क्रीनवर ती जरा डावीकडे सरकलेली दिसली की मधोमध यायला ती उजवीकडे सरकते. आरशात हे बरोबर चालतं. सुलट्या चित्रात ती जितकी सरकेल तितकी चौकटीच्या आणखी बाहेर जाते. दोनदा असं झाल्यावर ती खुर्ची धरून बसली आणि मग गोष्टभर नुसती ताठ.

दुसरं कारण मला अपेक्षितच नव्हतं. "हे काय माझं तोंड? वाकडं दिसतंय." तोंड वाकडं नाही, भांग उलट्या बाजूला दिसतोय. ती आयुष्यभर स्वतःला आरशातच बघत आली आहे. आम्ही सगळे तिला सुलटी बघतो, आम्हाला आरशातली आत्या जरा परकी वाटते. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं: माणसाला स्वतःचा आरशातला फोटो आवडतो आणि त्याच्या मित्रमैत्रिणींना सुलटा. ज्या बाजूची सवय, ती बाजू छान.

तेव्हा ठरलं: बघायला आरसा, साठवायला सुलटं. तिच्या फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये सेल्फी जसा दिसतो तसाच साठवण्याचा पर्याय आहे, तो बंद ठेवला. माझ्या आयफोनवर तोच पर्याय Settings मध्ये Camera खाली Mirror Front Camera या नावाने आहे. दर नव्या ॲपसाठी एक तपासणी: वर्तमानपत्राचं नाव छातीशी धरून पाच सेकंद रेकॉर्ड करायचं आणि साठवलेली फाइल उघडून वाचायची. स्क्रीनवर बघून निकाल द्यायचा नाही. पाटीवर एकच अक्षर लिहून चालेल असं मला वाटलं होतं आणि मी लिहिलं "ठ". ते उलटं केलं तरी "ठ"च राहतं. आत्या हसत बसली.

२ नोव्हेंबर, रविवार

दोन रविवार उत्तम गेले. आता नवी मागणी: बरेच पालक व्हिडिओ टीव्हीवर लावतात, त्यांना आडवा हवा. उभ्या व्हिडिओच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि आत्या मधल्या फटीत उभी असल्यासारखी दिसते.

फोन आडवा केला आणि दोन मिनिटांत सगळी मेहनत वाया. लेन्स आता वर नाही, बाजूला आहे. स्क्रीनवरच्या चेहऱ्यापासून सात सेंटिमीटर डावीकडे. १०० सेंटिमीटरवर हा कोन ४ अंशांचा. हाच कोन खालच्या दिशेला असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता. बाजूला तो टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर स्पष्ट दिसतो: आत्या गोष्ट सांगतेय आणि दाराकडे कुणाची तरी वाट बघतेय.

फोन दोन मीटरवर नेऊन बघितला. कोन अर्धा झाला, पण बाजूचे दोन अंशही चालत नाहीत हे टिकल्यांनी आधीच सांगितलं होतं. शिवाय चेहरा लहान झाला. आत्याला चौकटीत लेन्सच्या बाजूला सरकवून बसवलं, तर नजर सुधारली पण अर्धा पडदा भिंतीचा.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्क्रीन आत्याला दिसणारच नाही असा फोन पलटवला आणि लेन्सशेजारी एक टिकली लावली. आता बघायला दुसरं काहीच नाही. मागचाच कॅमेरा वापरला, कारण स्क्रीन बघायचीच नसेल तर तो जास्त चांगला.

कोनाच्या हिशेबात हे शंभर टक्के बरोबर आहे. व्हिडिओ मात्र आत्तापर्यंतचा सगळ्यात वाईट. शेजारच्या मुलीचं मत: "बाई डोळे वटारतायत."

आत्या वर्गात कशी बोलते ते आठवलं. एका मुलाकडे बघून वाक्य सुरू करते, मध्ये आठवताना क्षणभर नजर काढते, वाक्य संपताना दुसऱ्याकडे वळते. नजर जुळते आणि सुटते. काळ्या ठिपक्याकडे तीन मिनिटं बघणाऱ्या माणसाला नजर काढायला निमित्तच मिळत नाही, आणि ठिपका हसतही नाही. तिने स्वतःच सांगितलं, "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं रे. विनोदाला थांबायचं कुठे तेच कळत नाही."

म्हणजे लेन्सच्या जागी तिला बघण्यासारखं काहीतरी हवं. बाजूला नको, वर नको, तिथेच.

९ नोव्हेंबर, रविवार

बातम्या सांगणाऱ्यांसमोर कॅमेऱ्यापुढे तिरकी काच असते, तिच्यात खाली ठेवलेल्या स्क्रीनवरचा मजकूर दिसतो आणि काचेमागून कॅमेरा बघतो. एरॉल मॉरिस या अमेरिकन माहितीपटकाराने याच युक्तीत मजकुराच्या जागी स्वतःचा चेहरा आणला होता, म्हणजे मुलाखत देणारा त्याच्याकडे बघायचा आणि तेच बघणं थेट लेन्समध्ये जायचं. आत्याला मजकूर नकोच आहे. तिला चेहरे हवेत. तिच्याकडे वर्गाचा फोटो आहे.

सामान: आंब्याची एक रिकामी लाकडी पेटी, ८ बाय १० इंचांच्या फोटोफ्रेमची काच, जुन्या छत्रीचं काळं कापड, जुना फोन फोटो दाखवायला आणि आत्याचा फोन रेकॉर्डिंगला.

काच ४५ अंशांत बसवली, वरची कड आत्याकडे झुकलेली आणि खालची कॅमेऱ्याकडे. जुना फोन काचेखाली आडवा, स्क्रीन वर. काचेच्या मध्यापासून तो १५ सेंटिमीटर खाली आहे आणि रेकॉर्डिंगच्या फोनची लेन्स काचेच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर मागे. हे दोन आकडे सारखे ठेवणं महत्त्वाचं आहे. काचेत दिसणारी प्रतिमा काचेच्या तितकीच मागे असल्यासारखी दिसते, जितकी स्क्रीन काचेपासून दूर. अंतरं सारखी असली तर फोटो आणि लेन्स एकाच जागी येतात आणि आत्या जरा डोलली तरी फोटो लेन्सवरून घसरत नाही. मी आधी लेन्स काचेला चिकटवली होती, तेव्हा ती दोन बोटं सरकली की मुलं लेन्सच्या बाजूला पळायची.

कॅमेरा २x वर ठेवला, नाहीतर पेटीच्या कडा चौकटीत येतात. आत्या काचेपासून ८५ सेंटिमीटरवर, म्हणजे लेन्सपासून पुन्हा १००.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं रेकॉर्डिंग. आत्याच्या कपाळावर पंखा फिरतोय.

खरंच. धूसर, अर्धवट पारदर्शक, पण तिन्ही पाती मोजता येतील इतका. काचेची जी बाजू कॅमेऱ्याकडे आहे ती वर छताकडे बघते, त्यामुळे आत्याला खालचा फोन दिसतो तसंच कॅमेऱ्याला छत दिसतं. मी छत्रीचं कापड फक्त कॅमेऱ्याच्या मागे लावलं होतं. आता ते काचेच्या वरच्या कडेपासून कॅमेऱ्याच्या पाठीपर्यंत, वरून आणि दोन्ही बाजूंनी घेतलं. पंखा गेला.

साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा फार थोडा भाग परत पाठवते, या कोनात दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून कॅमेऱ्याच्या चित्रात अंधार जाणवत नाही, पण आत्याला फोटो फिका दिसतो. जुन्या फोनचा उजेड पूर्ण वाढवला, स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ दहा मिनिटं केली आणि स्क्रीन फिरणं बंद केलं. आडवा ठेवलेला फोन स्वतःच्या मनाने फोटो फिरवतो.

आणखी एक: काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिमा येते, त्यामुळे प्रत्येक चेहऱ्याला एक सावली. २ मिलिमीटरच्या काचेत हा फरक दीड मिलिमीटरचा पडतो. बारीक अक्षरं वाचायची असती तर त्रास झाला असता. चेहऱ्यांना चालतंय.

मग आत्या फोटोकडे बघून थांबली. "ही दोन वेण्यांची खिडकीपाशी बसायची. दाराशी कशी गेली?"

पुन्हा आरसा. काच फोटो उलटा करते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फोटो संपादनात जाऊन आधीच उलटा करून ठेवला, म्हणजे काचेत तो सुलटा होतो. यावरून आणखी एक गोष्ट कळली: काचेत कुणाला स्वतःचाच चेहरा आरशासारखा बघायचा असेल, तर खालच्या स्क्रीनवर तो सुलटा ठेवावा लागेल. तिथे आरशातला ठेवला तर काच त्याला सुलटा करेल आणि २० ऑक्टोबरचा खुर्ची धरून बसण्याचा प्रकार परत होईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

पूर्ण वर्गाचा फोटो रुंद आहे. आत्या टोकाच्या मुलांकडे बघते तेव्हा नजर बाजूला चार-चार अंश जाते आणि टीव्हीवर लगेच कळतं. फोटो सहा मुलांपुरता कापला, तीन-तीनच्या दोन ओळी, रुंदी सात सेंटिमीटर. आता कडेच्या चेहऱ्याकडे बघितलं तर दोन अंश, तेही वाक्यापुरतं. ते चुकीचं वाटत नाही, शेजारच्या मुलाकडे वळल्यासारखं वाटतं.

शेवटी जागा ठरवली. लेन्स वरच्या ओळीतल्या मधल्या चेहऱ्याच्या मागे यायला हवी, म्हणजे खालच्या ओळीकडे बघितलं तरी ते लेन्सच्या खालीच पडतं आणि खालचं आपल्याला माफ आहे. आधी लेन्स फोटोच्या मधोमध होती, तेव्हा वरच्या ओळीकडे बघताना आत्या आपल्या डोक्यावरून बघायची. जुना फोन कॅमेऱ्याच्या दिशेने तीन सेंटिमीटर सरकवला, फोटो काचेत तेवढाच खाली उतरला.

आज गेलेल्या व्हिडिओत ती दोनदा हसली आणि एकदा, उंदराच्या वाक्याला, थांबली. थांबायचं कुठे ते कळलं असावं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पेटीवर पट्ट्या चिकटवल्या, जुना फोन कुठे आणि आत्याचा कुठे. अंतरासाठी टेप शोधत बसायला नको म्हणून पेटीला ८५ सेंटिमीटरची सुतळी बांधली, टोकाला गाठ. गाठ नाकाला लागली की खुर्ची जागेवर.

बाकी राहिलेलं: साडेचारनंतर पश्चिमेच्या खिडकीचा उजेड काचेवर आणि आत्याच्या चष्म्यावर एकदम येतो, तेव्हा रेकॉर्डिंग चारच्या आत. चष्म्यातली चमक खुर्ची खिडकीपासून थोडी वळवली की जाते, पण मग पेटीही तेवढीच वळवावी लागते.

आणि सहाच मुलं का, यावर आत्याने हरकत घेतली आहे. वर्गात सव्वीस होती. आता तिने वहीत याद्या केल्या आहेत, दर रविवारी वेगळी सहा. पाचव्या यादीत दोनच उरतात, तिथे काय करायचं ते ती म्हणते मी बघते. मला फक्त शनिवारी रात्री फोटो कापून, उलटा करून ठेवायचा आहे.